जुन्या घड्याळात नवा सेल चारच महिने का टिकतो?

कपाटातून वडिलांचं जुनं घड्याळ निघतं. नाशिकच्या मेन रोडला जाऊन सेल टाकला की ते टकटक चालू लागतं आणि वेळही अगदी बिनचूक दाखवतं. चार-पाच महिन्यांनी ते पुन्हा बंद पडतं. परत नवा सेल, परत तेच. तिसऱ्या वेळी माणूस ठरवतो की दुकानदारच शिळे सेल विकतोय.

बहुतेक वेळा सेलचा दोष नसतो. घड्याळ त्यातला करंट गरजेपेक्षा पाच-सहा पट वेगाने पितं, आणि हे घरी मोजता येतं. खालच्या पायऱ्या तीन काट्यांच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळासाठी आहेत, तारखेची खिडकी असली तरी चालेल. डिजिटल, अलार्मवाल्या किंवा स्टॉपवॉचवाल्या घड्याळांचा खप वेगळा असतो, त्यांना हे आकडे लावू नका.

## आधी साधा हिशोब

प्रश्न: चांगल्या घड्याळात सेल किती टिकायला हवा?

मनगटी घड्याळात सर्रास दिसणारा ३७७ नंबरचा सिल्व्हर ऑक्साइड सेल घ्या. त्यात सुमारे २६ मिलिॲम्पिअर-तास, म्हणजे २६,००० मायक्रोॲम्पिअर-तास साठा असतो. धडधाकट तीन काट्यांचं मशीन सरासरी एक ते दीड मायक्रोॲम्पिअर खेचतं. १.२ धरला तर २६,००० भागिले १.२ म्हणजे साधारण २१,६०० तास, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं. तेच मशीन ६ मायक्रोॲम्पिअर खेचू लागलं तर ४,३०० तासांत, म्हणजे सहा महिन्यांत सेल रिकामा.

पुढचं सगळं या भागाकारावर उभं आहे. सेल किती दिवस टिकला हे माहीत असेल तर घड्याळ किती पितंय याचा अंदाज आधीच बांधता येतो. त्यामुळे सेल टाकला त्या दिवसाची तारीख कुठेतरी लिहून ठेवा.

## लागणारं सामान

- डिजिटल मल्टिमीटर, ज्यावर २०० मिलिव्होल्टची डीसी रेंज आहे. साधा स्वस्तातला चालतो.
- १० किलोओहमचा एक रेझिस्टर आणि २.२ किलोओहमचा एक.
- १००० मायक्रोफॅराड, १६ व्होल्टचा एक कपॅसिटर. दुकानात याला कंडेन्सरही म्हणतात.
- एक पेन्सिल सेल, त्याचा होल्डर आणि मगरचिमट्याच्या चार-पाच वायर.
- शिवणकामाच्या दोन बारीक सुया, टोकाला वायर गुंडाळून.
- प्लॅस्टिकचा चिमटा, भिंग, झाकण उघडायची बोथट पाती.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, दातकोरण्या, सुती फडकं.

इलेक्ट्रॉनिक्सचं सुटं सामान एम. जी. रोडच्या बाजूला मिळून जातं. कपॅसिटर नवाच घ्या. जुन्या रेडिओतून काढलेला कपॅसिटर स्वतःच इतका गळतो की घड्याळाचा आकडा त्यात बुडून जातो.

## १. काढलेला सेल खरंच संपलाय का?

ही पायरी जवळपास सगळेच टाळतात. घड्याळ थांबलं की सेल संपला असं धरलं जातं. पण तेल सुकून काटे अडकले असतील तरी घड्याळ थांबतं, आणि नवा सेल टाकताना बसणाऱ्या हलक्या धक्क्याने ते पुन्हा चालूही होतं. मग नव्या सेलची कमाल वाटते.

मीटर २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा. सेलच्या दोन बाजूंना २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावून व्होल्टेज बघा. रेझिस्टर लावायचा कारण रिकामा सेल काही न जोडता मोजला तर विश्रांती घेऊन उगाच बरा आकडा दाखवतो. रेझिस्टरमुळे घड्याळाची मोटर खेचते साधारण तेवढाच भार त्याच्यावर येतो. दोन-तीन सेकंद पुरे.

सिल्व्हर ऑक्साइड सेलचा स्वभाव असा की तो जवळपास शेवटपर्यंत १.५ ते १.५५ व्होल्टवर राहतो आणि मग धाडकन पडतो. आकडा १.५ च्या आसपास असेल तर सेल जिवंत आहे आणि घड्याळ थांबण्याचं कारण दुसरं आहे. १.३ किंवा त्याखाली असेल तर तो खरोखर पिऊन संपलाय, पुढे जा.

काही मशीनमध्ये सेल संपत आला की सेकंदकाटा दर सेकंदाला एक घर न जाता दोन किंवा चार सेकंद थांबून तेवढीच उडी मारतो. हा बिघाड नसतो, तो मशीनचा इशारा असतो. नवा सेल टाकून चारच महिन्यांत अशा उड्या सुरू झाल्या तर घड्याळ जास्त पितंय याचा तो पुरावाच.

## २. आत टाकला तो सेल कुठल्या जातीचा होता?

सेल उलटा करून भिंगाखाली त्यावर कोरलेली अक्षरं वाचा. सुरुवातीला इंग्रजी एस आणि आर ही अक्षरं असतील, जसं एसआर६२६एसडब्ल्यू, तर तो सिल्व्हर ऑक्साइड. एल आणि आर असतील, किंवा एजी४ असं लिहिलेलं असेल, तर तो अल्कलाइन. आकार दोघांचा तंतोतंत सारखा. नवे असताना व्होल्टेजही इतकं जवळ की मीटरवर फरक कळत नाही.

खरा सापळा पाकिटावर आहे. अल्कलाइनच्या दहाच्या पट्टीवर एजी४ च्या शेजारी ३७७ हा आकडाही छापलेला असतो. दुकानात तुम्ही “३७७ द्या” म्हटलं आणि त्या पट्टीतला मिळाला तर आकड्याच्या दृष्टीने कोणी खोटं बोललेलं नाही. पण अल्कलाइनमध्ये साठा कमी असतो आणि त्याचं व्होल्टेज पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातं. निम्माअधिक साठा शिल्लक असतानाच ते इतकं खाली येतं की सुकलेल्या तेलाचं मशीन हलवण्याची ताकद त्यात उरत नाही. शिवाय हा सेल गळण्याची भीतीही जास्त.

म्हणून मागताना नंबर नाही, जात सांगा: “सिल्व्हर ऑक्साइड, ३७७.” शेवटी एसडब्ल्यू आहे का तेही बघा. नुसता डब्ल्यू असलेला, म्हणजे ३७६, हा त्याच आकाराचा पण जास्त करंट लागणाऱ्या घड्याळांसाठीचा सेल आहे.

दुकानातल्या शिळ्या सेलबद्दलही थोडं बोलायला हवं. चांगल्या कंपनीचा सिल्व्हर ऑक्साइड सेल खोक्यात पडून फार हळू उतरतो. वर्ष-दोन वर्षं दुकानात राहिला म्हणून अडीच वर्षांचे चार महिने होत नाहीत. एसआर सेल होता आणि तरीही लवकर गेला, तर दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. संशय घड्याळावर घ्या.

## ३. घड्याळ किती पितंय ते कसं मोजायचं?

मल्टिमीटर थेट मायक्रोॲम्पिअरवर लावून बघायचा मोह होतो. त्याने हाती काही लागत नाही. घड्याळ सतत करंट खेचत नाही. सेकंदातला जवळजवळ सगळा वेळ ते अगदी किंचित घेतं आणि फक्त काही हजारांश सेकंद मोटरला धक्का देण्यापुरतं एकदम जास्त घेतं. मीटरवर आकडे नुसते नाचतात. स्वस्त मीटरची रेंज तर अशी असते की एक मायक्रोॲम्पिअर म्हणजे शेवटचा एक अंक.

त्यावर उपाय म्हणून कपॅसिटर हौदासारखा वापरायचा. घड्याळ हौदातून हवं तेव्हा घोट घेईल, आणि सेल रेझिस्टरमधून हौद सावकाश भरत राहील. रेझिस्टरमधून जाणारी धार सरासरी खपाइतकी असेल, ती आपण मोजायची.

जोडणी अशी:

- पेन्सिल सेलच्या प्लसपासून १० किलोओहमचा रेझिस्टर.
- रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला कपॅसिटरचा प्लस पाय. तिथूनच एक वायर घड्याळाच्या प्लसकडे.
- कपॅसिटरचा मायनस पाय, पेन्सिल सेलचा मायनस आणि घड्याळाचा मायनस हे तिन्ही एकत्र. कपॅसिटरच्या अंगावर ज्या बाजूला पट्टा छापलेला असतो तो मायनस पाय.
- मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना.

रेझिस्टर १० किलोओहमचा का? कारण मग मीटरवर दिसलेले १० मिलिव्होल्ट म्हणजे बरोबर १ मायक्रोॲम्पिअर. १३.० दिसले की १.३. आकडेमोड संपली.

घड्याळ जोडायच्या आधी नुसता कपॅसिटर जोडून दहा मिनिटं ठेवा. रेझिस्टरला क्षणभर वायरने बायपास केलं की हौद चटकन भरतो, नाहीतर सुरुवातीला आकडा कितीतरी वेळ उतरतच राहतो. दहा मिनिटांनी जो आकडा स्थिर राहील, समजा ३ मिलिव्होल्ट, ती कपॅसिटरची स्वतःची गळती. पुढच्या प्रत्येक मापातून ती वजा करा. आकडा थांबतच नसेल तर कपॅसिटर बदला.

आता घड्याळ. झाकण उघडा आणि प्लॅस्टिकच्या चिमट्याने सेल बाहेर काढा. सेल बसतो त्या खळग्याच्या तळाशी किंवा कडेला पत्र्याची बारीक पाकळी दिसेल, ती मायनस. मशीनचा धातूचा वरचा पत्रा बहुतेक घड्याळांत प्लस असतो, कारण सेलची अक्षरं कोरलेली मोठी बाजू त्यालाच टेकते. सुईची टोकं तिथे नीट टेकवा. सुया हाताने धरून ठेवणं जमत नाही. दोन पुस्तकांच्या कडांना चिकटपट्टीने वायर बांधून सुईचं टोक वरून टेकेल असं करा, मग दोन्ही हात मोकळे राहतात.

इथे सगळ्यात जास्त घड्याळं मरतात. खळग्याच्या शेजारी तांब्याच्या तारेचं चकचकीत रीळ दिसतं, ती कॉइल. तिची तार केसापेक्षाही बारीक असते. सुई घसरून तिला ओरखडा गेला की तार तुटते आणि घड्याळ कायमचं बंद. माप घेईपर्यंत कॉइलवर जाड कागदाचा छोटा तुकडा ठेवा.

सेकंदकाटा चालू लागला की रेझिस्टरला पुन्हा क्षणभर बायपास करा, मग पाच मिनिटं थांबून आकडा घ्या. तो थोडा वरखाली हलत राहील. मधला धरा.

## ४. आकडा जास्त आला. दोष यंत्रात की विजेत?

आता बाजूची चावी, म्हणजे वेळ लावायचं बटण, पूर्ण बाहेर ओढा आणि आकडा पुन्हा बघा. हे एकच माप बाकीच्या सगळ्या तर्कांपेक्षा मोलाचं आहे.

बऱ्याच मशीनमध्ये चावी ओढली की मोटरला जाणारे धक्के बंद होतात. मग फक्त क्रिस्टल आणि सर्किट चालू राहतं. क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरत असतो, सर्किट ती थरथर मोजत असतं, आणि या दोघांना मिळून अर्ध्या मायक्रोॲम्पिअरच्या आतच लागतं.

चावी आत असताना आकडा जास्त आणि बाहेर ओढल्यावर अर्ध्याच्या आत, तर सर्किट निरोगी आहे. जास्तीचा सगळा करंट काटे ढकलण्यात जातोय, दोष चाकांत.

चावी बाहेर ओढूनही दोन-तीन मायक्रोॲम्पिअर जातच असतील, तर काटे चालोत न चालोत, वीज कुठेतरी झिरपते आहे.

एक अडचण आहे. काही मशीनमध्ये चावी ओढल्यावर धक्के बंद होत नाहीत, फक्त एक दांडी चाक धरून ठेवते. अशा मशीनचा आकडा उतरत नाही, उलट वाढतोसुद्धा. ओळखायचं कसं? मीटरकडे बघा. धक्के चालू असतील तर आकडा दर सेकंदाला किंचित हिसका खातो. धक्के थांबलेले असतील तर तो शांत पडून राहतो. हिसके दिसत असतील तर चावीच्या मापावरून काहीही ठरवू नका.

## ५. तेल सुकलं तर सेल का संपतो? घड्याळ तर वेळ बरोबर दाखवतं!

बहुतेकांची गल्लत होते ती इथे, म्हणून जरा सावकाश.

मशीनमध्ये एक इवलंसं चुंबक असतं, रोटर. कॉइलमध्ये दर सेकंदाला एक धक्का गेला की तो अर्धा वळसा घेतो, आणि चाकांमधून सेकंदकाटा एक घर सरकतो. जुन्या काळच्या सर्किटात हा धक्का कायम सारख्या लांबीचा असायचा. पुढे सेल वाचवण्यासाठी सर्किट हुशार केलं गेलं. ते आधी छोटा, स्वस्त धक्का देतं आणि रोटर फिरला का ते कॉइलमधूनच तपासतं. फिरला नसेल तर लगेच दुसरा, लांब आणि जोरकस धक्का देतं.

चाकं मोकळी असतात तोवर छोट्या धक्क्यावर भागतं. पंधरा-वीस वर्षांत चाकांच्या टोकांना लावलेलं तेल घट्ट होतं, चिकट होतं. छोट्या धक्क्याने रोटर हलत नाही. मग दर सेकंदाला छोटा धक्का वाया जातो आणि वर लांब धक्काही द्यावा लागतो. काटा मात्र प्रत्येक सेकंदाला बरोबर सरकतो. वेळ क्रिस्टल ठरवतो, आणि क्रिस्टलला तेलाशी काही देणंघेणं नाही. म्हणून घड्याळ महिन्यात फार तर काही सेकंदच चुकतं आणि तरी सेल चार-पाच महिन्यांत पितं. वेळ बरोबर आहे म्हणजे मशीन ठणठणीत आहे, हा समज डोक्यातून काढा.

ज्या जुन्या मशीनमध्ये हा हुशार प्रकार नाही, तिथे तेल सुकल्यावर घड्याळ मागे पडतं किंवा थेट थांबतं. सेल मात्र नेहमीइतकाच टिकतो. म्हणून पायरी १ आधी करायची.

तेलाखेरीज रोटर अडवणारी आणखी एक गोष्ट नाशिकमध्ये हमखास सापडते, ती म्हणजे लोखंडाचा कीस. सातपूर-अंबडला लेथवर, ग्राइंडरवर काम करणाऱ्यांच्या घड्याळात झाकणाची रबर रिंग वाळली की बारीक कीस आत शिरतो. रोटर चुंबक असल्याने तो कीस नेमका त्याच्याकडेच जाऊन चिकटतो. एवढासा कण रोटर आणि पत्र्यामधल्या फटीत घासत राहिला तरी पुरे. भिंगातून रोटरच्या कडेला दाढीच्या खुंटासारखे काळे टोकदार कण दिसले तर दुसरं कारण शोधायला नको. फुंकर मारून ते निघत नाहीत, रोटर बाहेर काढूनच पुसावा लागतो.

## ६. एक उदाहरण आकड्यांसकट

तारखेची खिडकी असलेलं, धातूच्या मशीनचं, नव्वदच्या दशकातलं पुरुषी घड्याळ. आठ वर्षं कपाटात पडून. ३७७ चा एसआर सेल टाकला, पाच महिन्यांच्या आत बंद. काढलेला सेल रेझिस्टर लावून १.१२ व्होल्ट, म्हणजे खरोखर रिकामा.

कपॅसिटरची गळती २ मिलिव्होल्ट. घड्याळ जोडून चावी आत: ७६. वजा करून ७४, म्हणजे ७.४ मायक्रोॲम्पिअर. २६,००० भागिले ७.४ म्हणजे ३,५०० तास, १४६ दिवस. पाच महिन्यांच्या आत सेल का गेला याचा हिशोब जुळला. हिशोब जुळणं महत्त्वाचं आहे. आकडा २ आला असता आणि सेल पाच महिन्यांत गेला असता, तर सेलकडे किंवा तो टाकण्याच्या पद्धतीकडे परत वळावं लागलं असतं.

चावी बाहेर: ५, वजा २, म्हणजे ०.३ मायक्रोॲम्पिअर, आकडा शांत. सर्किट ठीक, दोष चाकांत.

मग डायलकडची बाजू तपासायची. तारखेच्या घड्याळात रात्री साधारण दहापासून एकपर्यंत तारखेचं चाक ढकलायचा जादा भार मशीनवर येतो. म्हणून काटे दुपारी तीनच्या जागी असताना एक माप घ्या आणि रात्रीचे साडेअकरा वाजलेत अशा जागी आणून दुसरं. दोन्हीकडे आकडा सारखाच मोठा आला तर मुख्य चाकांचं तेल सुकलंय. फक्त रात्रीच्या मापात उडी मारली तर तारखेची यंत्रणा जड झालीय. या उदाहरणात दोन्हीकडे ७ च्या वरच, त्यामुळे पूर्ण सर्व्हिसिंगला पर्याय नाही.

मशीन खोलून, धुऊन, नवं तेल घातल्यावर याच जोडणीत अशा मशीनकडून १.३ च्या आसपास आकडा यायला हवा. म्हणजे २०,००० तास, सव्वादोन वर्षं. आकडा ४ आला तर काम अर्धवट झालंय.

## ७. वीज झिरपत असेल तर काय करायचं?

हे बऱ्याचदा घरी सुटतं. सेलचा खळगा भिंगाखाली बघा. पांढरी भुकटी किंवा निळसर-हिरवा थर दिसला तर पूर्वी कधीतरी सेल गळलाय. ते क्षार हवेतली ओल धरून प्लस आणि मायनसच्या मध्ये बारीक वाट तयार करतात. एप्रिलच्या कोरड्या हवेत ही वाट जवळजवळ बंद असते, जुलैत उघडते. म्हणून अशा घड्याळाचं माप पावसाळ्यात घेतलेलं बरं. उन्हाळ्यात ते निर्दोष सुटतं.

दातकोरणीच्या टोकाला अल्कोहोल लावून थर खरवडा, पाकळीची खालची बाजूही विसरू नका. फडक्याने टिपा, पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा मोजा. व्हिनेगर किंवा लिंबू मशीनजवळ नेऊ नका. क्षार जाईल पण आम्ल आत राहील.

खळग्यात प्लॅस्टिकची पातळ चकती किंवा कडं असतं. ते सेलच्या प्लस अंगाला मायनस पाकळीपासून दूर ठेवतं. घाईने सेल बदलताना ते जुन्या सेलला चिकटून कचऱ्यात जातं. जागा रिकामी दिसली तर नवं कडं बसवून घ्या.

काच आतून धुरकटत असेल तर पाणी झाकणाच्या रिंगमधून किंवा चावीच्या दांडीतून आत येतंय. रिंग बदलल्याशिवाय बाकी सगळी साफसफाई फुकट. आणि मुसळधार दिवशी झाकण उघडून घड्याळ टेबलावर ठेवू नका, तीच दमट हवा आत कोंडली जाते.

साफ करूनही चावी बाहेर असताना आकडा उतरत नसेल तर सर्किटच गेलं. त्याची दुरुस्ती होत नाही, बदलावं लागतं.

## ८. नवा सेल टाकताना तो कसा मारला जातो?

सेल दोन बोटांत वरून-खालून धरला की घामाचा थर प्लसच्या काठापासून मायनसच्या टोपीपर्यंत पसरतो. मधलं काळं पॅकिंग जेमतेम केसभर रुंद असतं. त्यावरचा बोटाचा खारट ठसा महिनोन्महिने करंट झिरपवत राहतो. सेल कडेने धरा, टाकण्याआधी अल्कोहोलच्या फडक्याने पुसा.

स्टीलच्या चिमट्यात सेल दोन्ही बाजूंनी पकडला तर शॉर्ट होतो. एखादा क्षण चालून जातो, पण चिमट्यात धरून जागा शोधत बसलं तर हा इवला साठा झपाट्याने उतरतो. म्हणून प्लॅस्टिकचा चिमटा.

## ९. घड्याळवाल्याकडे काय सांगायचं?

“सेल लवकर संपतो” एवढंच सांगितलं तर समोरून नवा सेलच मिळणार, त्यात त्यांची चूक नाही. रविवार कारंजा असो की नाशिक रोड, असं बोला:

“काका, सेल नकोय. चावी आत असताना साडेसात मायक्रो खेचतंय, बाहेर ओढली की पाव. सर्किट ठीक आहे, चाकं जाम वाटतायत. मशीन खोलून धुऊन तेल कराल का, आणि झाल्यावर खप मोजून दाखवाल का?”

ज्यांच्याकडे क्वार्ट्झ टेस्टर असतो ते लगेच मोजून दाखवतात. “वरून तेलाचा थेंब सोडतो” असं कोणी म्हणालं तर घड्याळ परत घ्या. जुन्या चिकट तेलात नवं मिसळलं की आठवडाभर आकडा सुधारतो, मग दोन्ही मिळून घट्ट होतात. शिवाय थेंब पसरून कॉइलवर आणि सर्किटवर जातो.

मशीन खोलण्याजोगं आहे का, हेही विचारा. धातूचं, स्क्रूने बांधलेलं मशीन सर्व्हिसिंगच्या लायकीचं असतं. प्लॅस्टिकच्या चाकांचं स्वस्त जपानी मशीन, मियोटा २०३५ सारखं, धूत बसण्यापेक्षा बदललेलं परवडतं. पण मशीन बदलायचं असेल तर चार गोष्टी आधी जुळवून घ्या: काट्यांच्या भोकांचे आकार, डायलच्या मागच्या पायांची जागा, तारखेच्या खिडकीची जागा आणि चावीच्या दांडीची उंची. यातली एक जरी चुकली तरी काटे सैल बसतात किंवा डायलला घासतात. मग घासणाऱ्या काट्यामुळे नवं कोरं मशीनही लांब धक्क्यांवर जातं आणि सेल पुन्हा महिन्यांत संपतो.

घड्याळ परत आल्यावर पुन्हा हीच जोडणी लावून मोजा, आणि आकडा व तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक मार्करने सेलची तारीख लिहिली तर पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्यालाही कळते. घड्याळ पुन्हा वर्षानुवर्षं कपाटात जाणार असेल तर सेल काढूनच ठेवा. चावी ओढून ठेवल्याने खप कमी होतो, पण संपलेला सेल आत राहिला की गळतो, आणि मग पायरी ७ पासून सुरुवात.